प्रोग्रामर घेताना: घरी दिलेल्या असाइनमेंटला गुण कसे द्यावेत आणि त्याचा खर्च किती

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, नाहीतर अशा कारखान्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देणारं चार-पाच जणांचं ऑफिस असो, कधीतरी नवा प्रोग्रामर घ्यायची वेळ येतेच. वालचंद, ऑर्किडसारख्या कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेली मुलं अर्ज करतात, पुण्याहून परत यायचं ठरवलेले काही जण करतात. मुलाखतीत सगळेच बरं बोलतात. मग कुणीतरी सुचवतं की एक छोटं काम घरी करायला द्या आणि काय करून आणतात ते बघा. कल्पना चांगली आहे. अडचण येते ती दहा जणांनी दहा तऱ्हांनी केलेलं काम टेबलावर येतं तेव्हा. एकाचा स्क्रीन देखणा, दुसऱ्याचं उत्तर बरोबर पण कोड वाचवत नाही, तिसऱ्याचं अर्धवट पण चिठ्ठी नीट लिहिलेली. अशा वेळी मोजपट्टी आधी ठरलेली नसली, तर जे डोळ्यांत भरतं त्यालाच गुण मिळतात.

ती मोजपट्टी कशी करायची, ती लावायला किती तास आणि किती पैसे लागतात, आणि ती कुठे फसते, हे या लेखात सांगतो. सगळं एकाच कामाच्या आधाराने सांगतो, कारण बिनचूकपणा, स्पष्टता, टेस्ट आणि निवडीमागची कारणं हे चार निकष नुसते लिहून ठेवले तर कुणालाच काही कळत नाही. एका बिलावर लावून पाहिले की कळतात.

काम कोणतं द्यावं

तुमच्या धंद्यातलंच, पण खोट्या माहितीवरचं. सोलापूरसाठी टॉवेल आणि नॅपकिनचं जीएसटी बिल हे उत्तम काम आहे. उमेदवाराला एक साधी फाइल द्यायची. तिच्यात बिलाची तारीख, ग्राहकाच्या राज्याचा कोड, मालाचं नाव, एका नगाचा भाव, नग आणि सवलतीची टक्केवारी असेल. त्याने प्रत्येक बिलाची करपात्र रक्कम, कर आणि एकूण रक्कम काढून द्यायची. नियम चारच लिहावेत. ग्राहकाचा कोड २७, म्हणजे महाराष्ट्र असेल तर कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा निम्मानिम्मा. कर्नाटकचा २९ किंवा तेलंगणाचा ३६ असेल तर पूर्ण आयजीएसटी. सवलत वजा जाता एका नगाचा भाव २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेला तर १८ टक्के. करातला पैशाचा अपूर्णांक अर्धा किंवा जास्त असेल तर वरच्या पैशाला न्यायचा. आणि सगळं मिळून चार तासांपेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगायची नाही: कर राउंड करायचा तो मालाच्या प्रत्येक ओळीवर, की सगळ्या बिलाच्या बेरजेवर? ही जागा उघडी सोडल्यामुळेच चौथ्या निकषाला, म्हणजे निवडीमागच्या कारणांना, गुण देता येतात. सगळं ठरवून दिलेल्या कामात उमेदवाराला निवडायला काही उरत नाही, आणि मग तुम्ही त्याच्याकडे कारणं मागता ती नुसती औपचारिकता होते.

कामासोबत एक पानाची `README` मागावी: प्रोग्राम कसा चालवायचा, काय गृहीत धरलं, काय राहून गेलं, अजून एक दिवस मिळाला असता तर आधी काय केलं असतं. ती मराठीत लिहिली तरी चालेल, हे कागदावर स्पष्ट लिहा. आपल्या गावात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी उर्दू बोलतात. इंग्रजीचं वळण तपासायचं नाही, विचार तपासायचा आहे.

बिनचूकपणा: शंभरातले चाळीस

उमेदवारांची कामं उघडण्याआधी अपेक्षित उत्तरांचा तक्ता तयार हवा. तो प्रोग्रामरने करू नये. तुमच्या दिवाणजींना दहा नमुना बिलं द्या आणि कॅल्क्युलेटर घेऊन हाताने काढायला सांगा. मालकाला स्वतःला कोड वाचता येत नसेल तर त्याला निराश व्हायचं कारण नाही. हे चाळीस गुण त्याचे दिवाणजीच ठरवू शकतात. प्रोग्रामने दिलेला आकडा आणि कागदावरचा आकडा जुळला की नाही, एवढंच बघायचं असतं.

दहातली बरीच बिलं साधी असावीत. पण चार-पाच बिलांत खड्डे पाहिजेत. एक बिल असं, की नगाचा भाव नेमका २,५०० आहे. एक असं, की मूळ भाव २,६०० आहे पण १० टक्के सवलतीनंतर तो २,३४० होतो आणि ५ टक्क्यांत बसतो. आणि दोन बिलं अगदी निरुपद्रवी दिसणारी: १०७ रुपयांचा एक टॉवेल आणि १२५ रुपयांचा एक टॉवेल, दोन्ही सोलापुरातल्याच ग्राहकाला.

या दोन टॉवेलांत बरंच काही दडलेलं आहे. १०७ रुपयांवर अडीच टक्के सीजीएसटी होतो २ रुपये साडेसदुसष्ट पैसे. नियमाप्रमाणे तो २.६८ झाला पाहिजे. पायथॉनमध्ये हाच हिशोब दोन सरळ पद्धतींनी लिहून पाहा:

```python
round(107 * 2.5 / 100, 2)    # 2.67
round(107 * 0.025, 2)        # 2.68
round(125 * 2.5 / 100, 2)    # 3.12
round(125 * 0.025, 2)        # 3.12
```

गणिताच्या दृष्टीने पहिल्या दोन ओळींत काडीचाही फरक नाही, तरी उत्तरं वेगळी येतात. कारण संगणक अशा अपूर्णांकांचा हिशोब दोनच्या घातांच्या तुकड्यांत ठेवतो, आणि त्यात २.६७५ नेमका मावत नाही. पहिल्या पद्धतीत तो तसूभर खाली पडतो, म्हणून २.६७, दुसऱ्या पद्धतीत तसूभर वर चढतो, म्हणून २.६८. दुसरी पद्धत बरोबर आहे असं नाही, या एका रकमेवर तिचं नशीब बरं निघालं इतकंच. १२५ रुपयांवर तिचंही पितळ उघडं पडतं. तिथे कर नेमका ३.१२५ येतो, तो संगणकात पूर्ण मावतो, पण पायथॉनचा `round` नेमका अर्धा आला की सम अंकाकडे झुकतो. म्हणून ३.१३ ऐवजी ३.१२.

हिशोबाच्या कामाची सवय असलेला माणूस हे असं लिहितो:

```python
from decimal import Decimal, ROUND_HALF_UP

tax = Decimal("107") * Decimal("2.5") / 100
tax.quantize(Decimal("0.01"), rounding=ROUND_HALF_UP)   # 2.68
```

दुसऱ्या भाषेत काम केलं असेल तर फसण्याची जागा बदलते. जावास्क्रिप्टचं `toFixed` १२५ ला बरोबर ३.१३ देतं आणि १०७ ला, शंभराने भागलं असेल तर, २.६७ देतं. म्हणून तक्त्यात दोन्ही रकमा हव्यात. एकच ठेवली तर नशिबाने पास झालेला आणि समजून पास झालेला यांत फरक कळणार नाही. एका पैशासाठी एवढा आटापिटा कशाला, असं वाटेल. पण महिनाअखेरीला बिलांची बेरीज आणि विवरणपत्रातला आकडा जुळत नाही, तेव्हा दिवाणजींची अख्खी संध्याकाळ हा पैसा शोधण्यात जाते.

दोन ओळींचं एक बिलही तक्त्यात असू द्या: १०७ रुपयांचे दोन वेगळे माल. ओळीवर राउंड केलं तर सीजीएसटी ५.३६, बिलाच्या २१४ रुपयांवर केलं तर ५.३५. आपण नियम सांगितला नव्हता, तेव्हा दोन्ही उत्तरं बरोबर धरायची. तक्त्यात दोन्ही लिहून ठेवा, नाहीतर तपासणारा आपल्या मनातलं उत्तर खरं मानून दुसऱ्याचे गुण कापतो.

गुण ० ते ४ अशा पाच पायऱ्यांत द्यावेत आणि प्रत्येक पायरी म्हणजे काय ते आधी लिहून ठेवावं. बिनचूकपणाची पायरी दहाने गुणायची. दहाही बिलं जुळली तर ४. फक्त पैशाचा खड्डा चुकला आणि तोही एखाद्याच बिलात, तर ३. पैशाची दोन्ही बिलं किंवा २,५०० ची सीमा चुकली तर २. राज्य ओळखण्यातच गोंधळ असेल तर १. चाललाच नाही तर ०. चालला नाही असं म्हणण्याआधी `README` प्रमाणे दहा मिनिटं प्रयत्न करा. आणि अनोळखी माणसाचा कोड तुमच्या हिशोबाच्या मशीनवर कधीच चालवू नका. त्यासाठी वेगळा, रिकामा संगणक किंवा नंतर पुसून टाकता येईल असं व्हर्च्युअल मशीन ठेवा.

स्पष्टता: वीस

इथून पुढे कोड वाचणारा माणूस लागतो. ऑफिसात तसं कुणी नसेल तर ओळखीच्या अनुभवी प्रोग्रामरला किंवा कॉलेजातल्या शिक्षकाला मानधन देऊन तपासायला बसवा, आणि ते प्रत्येक कामामागे ठरवा. तासांवर ठरवलं तर दहावं काम वाचताना घाई होते.

स्पष्टतेला गुण देताना लोक फार मनमानी करतात. कुणाला छोटी नावं आवडत नाहीत, कुणाला कंस पुढच्या ओळीवर चालत नाही. त्यावर एक साधा उपाय आहे. तपासणाऱ्याने एक बदल मनात धरावा आणि तो करायला किती ठिकाणी हात लावावा लागेल ते मोजावं. आपल्या कामासाठी असा बदल तयारच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कापडी तयार वस्तूंच्या दराची सीमा नगाला १,००० वरून २,५०० रुपयांवर गेली आणि वरचा दर १२ वरून १८ टक्के झाला. उद्या पुन्हा असं झालं तर या कोडमध्ये कुठे बदल करावा लागेल? जागा एका मिनिटात सापडली आणि ती एकच असली तर ४. दोन-तीन जागा असल्या पण शोधता आल्या तर ३. शोधाशोध करावी लागली तर २. १८ हा आकडा जागोजागी विखुरलेला असेल आणि कुठला कराचा, कुठला दुसऱ्या कशाचा हेच कळत नसेल तर १. पायरी पाचने गुणायची.

या मोजणीत जास्तीचा डोलाराही पकडला जातो. चार नियमांच्या कामासाठी कुणी डेटाबेस, तीन थर आणि पंधरा क्लास उभे केले असतील तर दर शोधायला सहा फाइली उघडाव्या लागतात. देखणेपणामुळे अशा कामाला जादा गुण देण्याचा मोह होतो. पायऱ्या लिहून ठेवलेल्या असल्या की तो आवरता येतो.

टेस्ट: वीस

टेस्ट किती आहेत ते मोजू नका. तपासणाऱ्याने कोडमध्ये स्वतः एक चूक घालावी आणि टेस्ट चालवून बघाव्यात. `<=` चं `<` करा, म्हणजे नेमका २,५०० चा माल १८ टक्क्यांत जाईल. टेस्ट ओरडली पाहिजे. मग राउंड करण्याची रीत बदला. मग राज्याचा कोड २७ ऐवजी २९ करा. तिन्ही चुका पकडल्या तर ४, दोन पकडल्या तर ३, एक पकडली तर २, टेस्ट आहेत पण एकही पकडत नाहीत तर १. याला पाच-सहा मिनिटं लागतात, आणि साठ टेस्ट लिहिणाऱ्याची एकही टेस्ट सीमेवर उभी नाही हे त्या पाच मिनिटांत कळतं. उलट पाचच टेस्ट लिहिलेल्या एखाद्याच्या दोन नेमक्या २,५०० आणि २,५००.०१ वर असतात. त्याला चूक कुठे होऊ शकते याचा अंदाज आहे.

कारणं: वीस

हा निकष सगळ्यांत जास्त वगळला जातो, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत जास्त सांगून जातो. नोकरीवर घेतल्यानंतर हा माणूस रोज असे निर्णय घेणार आहे, ज्यांत दोन्ही बाजूंना काही मिळतं आणि काही सुटतं. ओळीवर राउंड केलं तर प्रत्येक मालाचा कर स्वतंत्र दाखवता येतो, पण लांब बिलात पैशांचा फरक साचत जातो. बेरजेवर केलं तर एकूण आकडा गणिताच्या जवळ राहतो, पण एखादा माल परत आला की त्याच्या वाट्याचा कर किती होता हे पुन्हा काढत बसावं लागतं. उमेदवाराने यांतलं काय निवडलं याला गुण नाहीत. त्याला हा फाटा दिसला का, त्याने निवड केली का आणि त्या निवडीची किंमत सांगितली का, याला आहेत.

पायऱ्या अशा: फाटा दिसला, निवड सांगितली, तिची किंमत सांगितली आणि आपल्या कामातलं काय कच्चं आहे तेही प्रामाणिकपणे लिहिलं, तर ४. कच्चं काय ते सोडून बाकी सगळं लिहिलं तर ३. निवड सांगितली पण कारण नाही, तर २. कोणती साधनं वापरली याचीच यादी असेल तर १. काहीच नसेल तर ०. हीही पायरी पाचने गुणायची. हे वीस गुण मालक स्वतः देऊ शकतो. धंद्याच्या माणसाला ही चिठ्ठी वाचून कळत नसेल, तर तिच्यातच काहीतरी कमी आहे.

तीन नमुने

समजा, दहा जणांपैकी तिघांची कामं अशी आली. ही मी उदाहरणासाठी रचलेली आहेत, पण अशी कामं तपासणाऱ्याला ओळखीची वाटतील.

पहिल्याने सगळं एकाच लांबलचक फंक्शनमध्ये लिहिलं आहे. करासाठी `0.025` ने गुणलं आहे, म्हणून १०७ चं बिल जुळलं आणि १२५ चं चुकलं. एका पैशाची एकच चूक, म्हणजे बिनचूकपणात ३. दर दोन जागी लिहिलेले आहेत, पण शोधाशोध करावी लागते, म्हणून २. टेस्ट नाहीत, चिठ्ठीत फक्त चालवायची आज्ञा. एकूण ३० आणि १०, म्हणजे ४०.

दुसऱ्या उमेदवाराने शंभराने भागलं आहे, त्यामुळे पैशाची दोन्ही बिलं चुकली आणि दोन ओळींच्या बिलातही ५.३६ ऐवजी ५.३४ आला. बिनचूकपणात २. पण काम नीट फंक्शनांत वाटलेलं आहे, दर बदलायला दोनच जागा, म्हणून ३. टेस्ट पाच, त्यांनी सीमा आणि राज्य या दोन चुका पकडल्या, म्हणून ३. आणि चिठ्ठीत लिहिलं आहे: कर ओळीवर राउंड केला आहे, कारण माल परत आला तर हिशोब सोपा जातो, त्यामुळे मोठ्या बिलात एक-दोन पैशांचा फरक पडेल, आणि `Decimal` वापरायचं राहिलं, तेव्हा अर्ध्या पैशाच्या रकमांवर भरवसा ठेवू नये. यापेक्षा स्वच्छ चिठ्ठी मिळणं अवघड. ४. एकूण २०, १५, १५ आणि २०, म्हणजे ७०.

तिसऱ्याची दहाही बिलं जुळली. `Decimal` वापरलं आहे, पूर्ण ४. पण दर तीन थरांखाली गाडलेले आहेत, म्हणून स्पष्टतेला २. टेस्ट चाळीसच्या वर, पण तीन चुकांपैकी फक्त राज्याची पकडली, म्हणून २. चिठ्ठी दोन पानी, सगळी साधनांची नावं, म्हणून १. एकूण ४०, १०, १० आणि ५, म्हणजे ६५.

मोजपट्टी नसती तर तिसरा एकमताने पहिला आला असता. पहिल्याकडे मात्र लोक कसे बघतात ते नीट बघा: त्याची बिलं दुसऱ्यापेक्षा जास्त जुळली आहेत. नुसते आकडे पाहणारा त्याला वर ठेवेल. पण पहिल्याला आपलं एक बिल का जुळलं हेही माहीत नाही, आणि दुसऱ्याला आपली बिलं का चुकतील हे तपासण्याआधीच माहीत होतं. दुसऱ्याचा दोष एका दिवसात दुरुस्त होईल. पहिल्याला आधी दोष आहे हे पटवून द्यावं लागेल.

७० आणि ६५ यांतल्या फरकावर मात्र निर्णय घेऊ नका. एका निकषात एक पायरी इकडे-तिकडे झाली तरी निदान पाच गुण हलतात. तेवढ्या अंतरावरच्या सगळ्यांना समोर बोलवावं. अनुभवी माणूस घेत असाल तर भार बदला: बिनचूकपणा तीस, कारणं तीस. पण तो बदल कामं उघडण्याआधी करा, नंतर नाही.

तपासणारे दोघं, नावं झाकलेली

प्रत्येक काम दोघांनी वेगवेगळं तपासावं आणि दोघांचे आकडे कागदावर उतरेपर्यंत एकमेकांशी बोलू नये. एका पायरीचा फरक असेल तर सरासरी घ्या. दोन किंवा जास्त पायऱ्यांचा असेल तर दोघांनी कोड समोर ठेवून बोलावं. बहुतेक वेळा एकाने पायरीची व्याख्या वेगळी वाचलेली असते.

आपल्या गावात एक जादा काळजी घ्यावी लागते. उमेदवाराचे शिक्षक तपासणाऱ्याचेही शिक्षक असतात, नाहीतर कुणी कुणाचा मामेभाऊ निघतो. म्हणून कामं क्रमांक देऊनच तपासणाऱ्याकडे पाठवावीत. नाव `README` मध्ये असतंच, शिवाय गिटचा इतिहास दिला असेल तर `git log` मध्येही दिसतं. `.git` फोल्डर काढून द्या. आणि एकानेच सगळी कामं पूर्ण तपासत जाण्यापेक्षा आधी सगळ्यांचा बिनचूकपणा, मग सगळ्यांची स्पष्टता, असं निकषागणिक जावं. म्हणजे एका निकषातली छाप दुसऱ्यावर पडत नाही.

मग समोर बसवून अर्धा तास

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा प्रत्यक्ष कामाचा नमुना आणि पुढची कामगिरी यांतलं नातं ०.५४ इतकं दाट निघालं होतं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तीच गणितं नव्याने तपासली आणि तो आकडा ०.३३ वर आला. ठरलेल्या प्रश्नांच्या मुलाखतीचा ०.४२ निघाला. म्हणजे असाइनमेंट उपयोगी आहे, पण एकटीवर विसंबण्याइतकी नाही. म्हणून वरच्या तिघा-चौघांना बोलवून सगळ्यांना तेच प्रश्न विचारावेत.

प्रश्न दोन पुरेत. एक: इथे कर ओळीवर किंवा बेरजेवर का राउंड केला? दोन: ऑगस्ट २०२५ मध्ये विकलेला टॉवेल ग्राहकाने नोव्हेंबरमध्ये परत केला, तर त्याचा दर कोणता आणि तुमच्या कोडमध्ये तो कुठे बसेल? ज्याने काम स्वतः केलं आहे तो कोड उघडून दाखवू लागतो: इथे तारीख घ्यावी लागेल, इथे जुना दर ठेवावा लागेल. दुसऱ्याचं उचलून आणलेलं असेल तर फाइल कुठली तेच सापडत नाही. नक्कल पकडण्यासाठी वेगळा सापळा लावायची गरज पडत नाही.

खर्च

आता पैसे. तपासणाऱ्याचा महिन्याचा खर्च ५०,००० रुपये धरू. २२ दिवस, रोज ८ तास, म्हणजे तासाला सुमारे २८४ रुपये. तुमचा आकडा वेगळा असेल, तो घालून हिशोब करा.

काम तयार करणं, ते स्वतः एकदा सोडवून पाहणं आणि तक्ता करणं: ८ तास. दहा कामं, दोन तपासणारे, प्रत्येकी ४० मिनिटं: १३ तास २० मिनिटं. चार जणांशी अर्धा-अर्धा तास, दोघं बसले तर: ४ तास. सगळ्यांना निकाल कळवायला प्रत्येकी १० मिनिटं: १ तास ४० मिनिटं. बरोबर २७ तास होतात, म्हणजे ७,७०० रुपयांच्या आसपास. पुढच्या भरतीला काम आणि तक्ता तयारच असेल, थोडे आकडे बदलले की झालं. त्यामुळे पहिले ८ तास दोनवर येतात.

याच्या शेजारी दुसरा आकडा मांडा. दहा उमेदवारांचे प्रत्येकी चार तास, म्हणजे ४० तास. तुमच्या २७ तासांपेक्षा जास्त, आणि तेही फुकट. म्हणून मला वाटतं की प्रत्येकाला काहीतरी मानधन द्यावं. ५०० रुपये दिले तरी दहांचे ५,००० होतात आणि एकूण खर्च १२,७०० च्या घरात जातो. २०,००० पगारावर चुकीचा माणूस घेऊन तीन महिन्यांनी सोडावा लागला, तर नुसता पगारच ६०,००० जातो. मानधन परवडत नसेल तर दहा जणांना काम देऊ नका. आधी फोनवर दहा मिनिटं बोलून पाच निवडा आणि त्यांनाच द्या. काम दोन तासांत होईल इतकं छोटं करणं हाही मार्ग आहे. तेव्हा आयजीएसटीचा नियम काढून टाका, पण पैशाचा खड्डा ठेवा. विद्यापीठाच्या परीक्षेच्या आठवड्यात देऊ नका. मुदत चार तासांच्या कामाला किमान एक आठवडा द्या, त्यात एक रविवार आला पाहिजे.

उमेदवाराने लिहिलेला कोड त्याचा असतो. तो तुमचा नोकर नाही आणि तुमच्यात करार नाही, तेव्हा त्या कोडवर तुमचा हक्क नाही. चांगला वाटला म्हणून ग्राहकाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचा नाही. खऱ्या ग्राहकांची नावं, जीएसटी क्रमांक, भाव यांतलं काहीही नमुना फाइलमध्ये देऊ नका.

निकाल कळवताना

ज्यांना घेतलं नाही त्यांनाही चार निकषांचे आकडे आणि दोन ओळी पाठवा. वरच्या पहिल्या उमेदवाराला असं लिहिता येईल: "तुमची दहापैकी नऊ बिलं जुळली. १२५ रुपयांच्या बिलात कर ३.१३ ऐवजी ३.१२ आला, पैशांच्या हिशोबासाठी `Decimal` कसं वापरतात ते पाहा. टेस्ट आणि टिपण नसल्यामुळे चाळीस गुण देता आले नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज केलात तर आम्ही आवर्जून बघू." असं पत्र लिहिता येत नसेल तर गुण कशाचे कापले हे तपासणाऱ्यालाच सांगता येत नाही असा अर्थ होतो, आणि ते गुणपत्रक तपासायला परत पाठवावं.

ज्याला घेतलं त्याचं गुणपत्रक जपून ठेवा. सहा महिन्यांनी त्याचं प्रत्यक्ष काम कसं चाललं आहे ते शेजारी लिहा. तीन-चार भरत्यांनंतर कोणत्या निकषाने खरं सांगितलं ते दिसू लागेल, आणि पुढच्या वेळी भार त्याप्रमाणे हलवता येईल.